समोरचा पांढरा सदरा

नालवाडीतल्या महिला संस्थेचं कार्यालय म्हणजे एकच खोली. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यात एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फायलींचे गठ्ठे. भिंतींना पांढरा चुना. एका बाजूला खिडकी, समोर दार, दाराबाहेर अरुंद व्हरांडा.

मला तिथे बोलावलं होतं ते प्रश्न विचारायला. दीपमालाने अट घातली होती, बोलेन तर नरहर सरांशी बोलेन. ती चौथी ते सातवी माझ्या वर्गात होती. आता तिला चौतीसावं वर्ष. जिल्ह्यातल्या एका खाजगी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. वसतिगृहाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचा नवरा सचिन त्याच वसतिगृहाची गाडी चालवत होता.

त्या वसतिगृहात गुंजन नावाची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली होती. चौकशी समिती नेमली गेली. समितीने एवढंच मान्य केलं की स्वयंपाकघरातल्या बाईचं बोलणं चेहरा न दाखवता घेता येईल, आवाज बदललेला चालेल, पण चित्रीकरण सलग पाहिजे, मध्ये कापाकापी नको आणि कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड समितीकडे द्यायचं. त्याची प्रत वसतिगृहाच्या वकिलालाही मिळणार होती. स्वयंपाकघरात सात बायका होत्या. मुलगी आजारी आहे हे साऱ्याजणींनी वॉर्डनला सांगून पाहिलं होतं, म्हणून नुसत्या बोलण्यावरून ओळख पटली नसती. सातपैकी कोण बोललं, हे त्या वकिलाला कळता कामा नये. कळलं तर सचिनची नोकरी जाईल. दीपमाला म्हणाली होती, "नोकरी जाईन ते जाईन सर. तो मले घरात नाई ठेवणार."

महिला संस्थेचं काम पाहणाऱ्या उज्वलाताईंनी वर्ध्याहून अभिरामला बोलावलं. अभिराम लग्नांचं चित्रीकरण करतो. तोही माझाच विद्यार्थी. दुपारी बारा वाजता तो तीन पेट्या घेऊन आला, दारात उभा राहून त्याने खोली पाहिली आणि पेट्या व्हरांड्यातच ठेवल्या.

"ताई, ही खोली आहे का देवघर?"

"हीच आहे बाबा. दुसरी कुठून आणू?"

"नाई, चालन. पण मी आजवर नवरीचं तोंड उजळ करायचे पैसे घेतले. तोंड काळं करायचं काम पहिल्यांदा आलं."

उज्वलाताई हसल्या नाहीत. तोही मग हसला नाही.

दीपमाला दोन वाजता येणार होती. घरी तिने सेवाग्रामला दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं होतं. अल्लीपूरकडे जाणारी पाच-दहाची गाडी तिला गाठायचीच होती. सचिन सहाला घरी येतो.

आमच्याकडे दोन तास होते. अभिरामने माझ्याच वहीचं एक पान फाडून घेतलं आणि त्यावर खोली काढली. मला बरं वाटलं. मुलं आधी कागदावर काढतात तेव्हा मला नेहमीच बरं वाटतं.

"हे पाहा सर. माणूस काळा दिसाले पाहिजे तर माणसावर लाइट मारायचाच नाई. मागच्या भिंतीवर मारायचा. भिंत उजेडात, माणूस अंधारात. कॅमेऱ्याचं उजेडाचं माप भिंतीवर लावून तिथंच पक्कं केलं की समोरचा माणूस नुसता डाग."

"भिंत आणि खुर्ची यात अंतर किती?"

"तीन फूट. जास्त पाहिजे, पण जागाच नाई. लाइट खुर्चीच्या मागं जमिनीवर ठेवतो, तोंड भिंतीकडे. तिच्याच पाठीनं तो झाकला जाईन, कॅमेऱ्याले दिसणार नाई."

"कॅमेरा?"

"व्हरांड्यात. दारातून आत पाहील."

मग मी विचारलं, "पण अभिराम, भिंतीवर पडलेला उजेड भिंतीवरच थांबतो का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. सातवीत बसलेला असायचा तसाच.

"नाई सर. परत येतो."

"मग कुठे जातो?"

त्याने मान फिरवून खोली पाहिली. दोन्ही बाजूच्या भिंती पांढऱ्या. खुर्चीत बसल्यावर हात लांब केला तर भिंतीला लागेल, इतक्या जवळ. कपाटं करड्या रंगाची आणि गुळगुळीत.

"ह्या भिंती तिच्या गालावर लाइट फेकतीन," तो म्हणाला.

मग काम सुरू झालं. खिडकीला उज्वलाताईंनी घोंगडी लावली. अभिरामकडे काळ्या कापडाचे दोन पडदे होते. एक डाव्या भिंतीवर, एक उजव्या बाजूच्या कपाटांवर. मागच्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना त्याने काळा पुठ्ठा चिकटवला, म्हणजे उजेड बाजूला न पसरता फक्त भिंतीवर जाईल. ट्यूबलाइट बंद. पंखाही बंद, कारण माइकमध्ये त्याचा आवाज येतो. ऑक्टोबर होता. पाच मिनिटांत सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले.

आवाजासाठी त्याने भावाच्या बँडपार्टीतलं एक यंत्र आणलं होतं. वरातीत गंमत म्हणून त्यातून राक्षसाचा आवाज काढतात. माइक आणि कॅमेरा यांच्या मध्ये ते जोडलं की कार्डावर मुळातच जाड आवाज उतरणार होता.

उज्वलाताईंना खुर्चीत बसवून त्याने दोन मिनिटांचं चित्रण केलं. पहिल्यांदा त्यांना बाजूला तोंड करून बसवलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत पिवळसर पांढरी आणि त्यावर उज्वलाताईंची काळी आकृती.

"कोणी ओळखन का सांगा," अभिराम म्हणाला.

"मी ओळखेन," मी म्हणालो. "नाकावरून."

चाळीस वर्षं मी वर्गात मागून पुढे फिरलो. मुलांना पाठमोरं ओळखायची सवय लागते. कोणाची मान कशी, कोणाचा खांदा कुठे. दीपमाला लिहिताना डावा खांदा वर उचलायची. मी ओळखतो तर तिच्यासोबत बारा वर्षं राहिलेला माणूस ओळखणार नाही का?

अभिरामने खुर्ची सरळ कॅमेऱ्याकडे फिरवली. नाक, हनुवटी, कपाळ सगळं आकृतीच्या आत गेलं. उज्वलाताईंनी डोक्यावरून एक जाडी शाल घेतली आणि खांद्यांवरून खाली सोडली. अभिरामने परत दोन मिनिटं चित्रण केलं. आता तो माणूस कोणीही असू शकत होता.

"आता कार्ड लॅपटॉपला लाव, आणि चित्र जितकं उजळ करता येईल तितकं कर," मी म्हणालो.

"काऊन? काळंच तर आहे."

"तुझ्या डोळ्यांना काळं आहे. वकिलाकडे लॅपटॉप असेल."

त्याने कार्ड लावलं आणि कॉपी न करता तिथेच उजेड पूर्ण वाढवला. भिंत फटफटीत पांढरी झाली. आकृतीत करडे दाणे दिसले, पण चेहरा नाही. डोळे कुठे तेही सांगता येईना. आम्ही तिघांनी पाहिलं आणि समाधान मानलं. ही चाचणी घेताना मी कॅमेऱ्याचा पडदा पाहायला दाराबाहेर व्हरांड्यात उभा होतो. हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

दीपमाला दोन वाजून पाच मिनिटांनी आली. हातात दवाखान्याचा जुना केसपेपर होता.

"बस चुकली काय वाटलं," उज्वलाताई म्हणाल्या.

"नाई."

"पाणी?"

"नको."

माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "सर, तुमचे केस पांढरे झाले." एवढंच. मग ती खुर्चीत बसली, शाल घेतली, माइक लावू दिला. तिच्याशी चार फुटांवर मी माझी खुर्ची ओढून बसलो, थोडा बाजूला, म्हणजे माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याला ती दिसेल. मांडीवर प्रश्नांची वही होती. अंगात नेहमीचा खादीचा पांढरा सदरा होता.

ती बोलली. मला वाटलं होतं ती रडेल. मी खिशात रुमाल ठेवला होता. तो तिथेच राहिला.

"सोमवारी पोरीले ताप आला," ती म्हणाली. "गुंजन म्हणून. मले म्हणे मावशी जेवत नाई. मी वॉर्डन बाईले सांगतलं. बाई म्हणे नाटकं करते, घरी जायचं आहे तिले. मंगळवारी मी खिचडी पातळ करून दिली. दोन घास खाल्ली. बुधवारी तिनं पाणी मागितलं, मी दिलं. हात लावला तर तवा. मी परत बाईले सांगतलं. बाई म्हणे तुझं काम पोळ्या लाटायचं आहे."

मी विचारलं, "तुझ्याजवळ फोन होता?"

"होता."

"कोणाला केलास?"

"नाई केला. मले वाटलं कोणी करन." थोडं थांबून ती म्हणाली, "सगळ्यांले वाटलं कोणी करन."

"पुढे?"

"गुरुवारी सकाळी मी ताटं मांडली. एकेचाळीस. मांडल्यावर बाई आली अन् म्हणे चाळीस मांड. मी एक उचललं."

तिच्या आवाजात चढउतार नव्हता. बँडच्या यंत्रातून तो आणखी सपाट होऊन अभिरामच्या कानात जात असणार. वीस मिनिटं झाली. मी वही मिटली. अभिरामने कॅमेरा थांबवला, कार्ड काढलं आणि लॅपटॉपला लावलं.

तो पडद्यावर वाकला.

"सर, या इकडे."

त्याने उजेड वाढवला होता. शालीच्या आत दीपमालाचा चेहरा होता. दाणेदार, करडा, पण चेहरा. दोन्ही डोळे. नाकातली चमकी. डाव्या भुवईवरचा व्रण, शाळेच्या पायरीवर पडली होती तेव्हाचा. त्या दिवशी मीच तिला सायकलवर दवाखान्यात नेलं होतं.

"असं कसं झालं? ताईंचं तर नव्हतं दिसत," अभिराम म्हणाला. "काहीच बदललं नाई. लाइट तोच, पडदे तेच."

मी आत आलो आणि उज्वलाताईंना खुर्चीत बसवलं. दीपमाला उठून कपाटाला टेकून उभी राहिली. मी माझ्या खुर्चीत बसलो आणि ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उठलो, दाराबाहेर गेलो आणि तिथून पाहिलं. पुन्हा येऊन बसलो.

वर्गात मुलांना मी सांगत असे, आधी बघा, मग बोला. मी दोनदा बघितलं तरी बोलायला वेळ लागला.

"बदललं आहे," मी म्हणालो. "मी बदललो. चाचणीच्या वेळी ही खुर्ची रिकामी होती. मागच्या भिंतीचा उजेड समोर येतो, माझ्या सदऱ्यावर पडतो आणि तिथून तिच्या तोंडावर जातो. चार फुटांवर पांढरं कापड धरल्यासारखं झालं."

अभिरामने स्वतःच्या काळ्या टी-शर्टकडे पाहिलं. "आम्ही काळंच घालतो सर कामावर. गुरूनं पहिल्या दिवशी सांगतलं होतं. अन् मी तुम्हाले सांगतलंच नाई."

"मलाही कळायला हवं होतं. हा धडा मी शिकवायचो."

दीपमालाने लॅपटॉपकडे पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे दिसते मी?"

"दिसतेस," उज्वलाताई म्हणाल्या.

"मंग?"

अभिराम घाईने म्हणाला, "मी हेच लॅपटॉपवर आणखी काळं करून देतो ना. एका मिनिटाचं काम आहे."

"मूळ कार्ड द्यायचं आहे, अभिराम," ताई म्हणाल्या. "हात लावलेलं नाही चालणार."

"बरं, नुसतं चित्र परत घेऊ? ओठ तर दिसतच नाई. हिले काहीही बोलू द्या, पाढे म्हणू द्या. आवाज आत्ताचा लावतो."

"तेही जोडलेलंच झालं. वकील दोन मिनिटांत पकडेल आणि सगळंच खोटं ठरवेल."

घोंगडीच्या कडेने उन्हाची एक रेघ जमिनीवर आली होती. अभिरामने वाकून कड खाली दाबली. ही रेघ पहिल्या वेळी होती की नव्हती, हेही आता सांगता येत नव्हतं.

मला दीपमालाला विचारायचं होतं. पण काय विचारायचं, हे माहीत असल्यामुळे तोंडातून निघेना. तीच म्हणाली, "परत सांगायचं आहे ना? सांगते. किती वाजले?"

"तीन."

"मंग बसा."

अभिरामने टी-शर्ट काढून मला दिला आणि माझा सदरा स्वतः घातला. तो त्याला पोटावर बसेना. टी-शर्टच्या पाठीवर त्याच्या स्टुडिओचं नाव आणि दोन हृदयं होती, ती कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहणार होती. माझ्या पांढऱ्या केसांवर त्याने स्वतःची काळी टोपी ठेवली. मांडीवरची वही काढून घेतली, कारण तिचीही पानं पांढरीच. स्वतः तो व्हरांड्यात भिंतीआड सरकला. आरशात स्वतःला पाहिलं असतं तर मी हसलो असतो. दीपमालाने पाहिलं, पण ती हसली नाही.

या वेळी चाचणी मला बसवून घेतली. तिला बसवून, मला बसवून, दोन मिनिटं मुकं चित्रण. लॅपटॉपवर उजेड पूर्ण वाढवला. शालीच्या आत काही नव्हतं. अभिरामने दुसरं, कोरं कार्ड घातलं.

"सोमवारी पोरीले ताप आला," ती म्हणाली. "गुंजन म्हणून. मले म्हणे मावशी जेवत नाई."

सगळं तेच होतं. खिचडी पातळ केली तेही, तवाही. जिथे मघाशी थांबली होती तिथेच थांबली, तेवढाच वेळ. मला वाटलं होतं दुसऱ्यांदा सांगताना काही सुटेल किंवा काही नवं येईल. मुलं पाठ केलेला धडा म्हणतात तेव्हा असं होतं, प्रत्येक शब्द आपल्या जागेवर. हे तिने आज दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं. स्वतःला रोज सांगत आली होती.

वही नसल्यामुळे प्रश्न मला आठवून विचारावे लागले. "तुझ्याजवळ फोन होता?" हा मी मुद्दाम गाळणार होतो. मी गप्प बसलो, तेव्हा तीच म्हणाली, "माह्याजवळ फोन होता. नाई केला. मले वाटलं कोणी करन. सगळ्यांले वाटलं कोणी करन."

एकेचाळिसावं ताट उचललं गेलं. कॅमेरा थांबला. अभिरामने कार्ड तपासलं. तिने या वेळी लॅपटॉप आपल्याकडे फिरवून घेतला.

उजळ भिंत, त्यावर शालीचा एक ढीग आणि राक्षसाचा जाड आवाज. "एकेचाळीस," तो आवाज म्हणत होता.

"हे मी आहो?"

"तूच," अभिराम म्हणाला.

"नाई ओळखू येत." तिने थोडं आणखी पाहिलं. "मलेच नाई येत, त्याले काय येईन."

उज्वलाताईंनी ते कार्ड पाकिटात घातलं, डिंकाने बंद केलं आणि वर सही केली. मग त्या म्हणाल्या, "पहिलं कार्ड पूस."

"पुसतो ताई. पण नुसतं पुसून जात नाई. पुसलेलं परत काढणारे लोक आहेत. लग्नाचं पुसलेलं मीच दोनदा काढून दिलं आहे."

"मग?"

"पुसायचं अन् त्याच्यावर दुसरं काही भरायचं. पूर्ण कार्ड भरेस्तोवर. मंग खालचं सापडत नाई. सव्वा तास लागन."

"काय भरायचं?" मी विचारलं.

त्याने खोलीकडे हात केला. रिकामी खुर्ची, तिच्यामागे उजेडात न्हालेली भिंत. "हेच."

"पुसायच्या आधी मले दाखवा," दीपमाला म्हणाली.

अभिरामने पहिलं कार्ड लावलं, उजेड वाढवला आणि बाजूला झाला. ती स्वतःचा चेहरा बघत राहिली. दाण्यांमधून तो बोलत होता. ओठ हलत होते, डोळे हलत नव्हते. फोनच्या वाक्यापर्यंत तिने पाहिलं.

"मी अशी बसलती," ती म्हणाली. मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही. "डोळ्यात पाणी नाई आलं."

"दीपमाला," मी म्हणालो.

"पुसा."

अभिरामने कार्ड कॅमेऱ्यात घातलं, पुसलं आणि लाल बटण दाबलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. दर अर्ध्या तासाने कॅमेरा आपोआप थांबतो, तेव्हा बटण परत दाबायचं, हे त्याने मला दाखवलं. त्याला संध्याकाळी हिंगणघाटला साखरपुडा होता. कॅमेरा तो उद्या नेणार होता. साखरपुड्यासाठी दुसरा आहे म्हणाला. माझा सदरा घालूनच तो गेला. उज्वलाताई पाकीट घेऊन बँकेच्या लॉकरकडे निघाल्या.

आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती. तिच्याशी काही बोलावं असं मला वाटत होतं. शाळेत असताना ती सुरेख नकाशे काढायची. ते आठवलं. साडेचारच्या आत एकदा कॅमेरा थांबला. मी बटण दाबलं.

पावणेपाचला ती उठली. केसपेपर घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"सर, भरेस्तोवर तुम्ही बसजा."

"बसतो."

"उठजा नोका मधातच."

"नाही उठणार."

ती पायऱ्या उतरून गेली. डावा खांदा वर होता. शाल खुर्चीवर राहिली होती. शाल चौकटीत दिसत होती, पण ती काढायला मी आत गेलो असतो तर मी दिसलो असतो.

मी बसून राहिलो. अंगात काळा टी-शर्ट, डोक्यावर टोपी. पाच-दहाची गाडी गेली असेल तेव्हा पडद्यावरचा आकडा अजून चालू होता. काही वेळाने कॅमेऱ्याने बारीक आवाज केला आणि पडद्यावर लिहून आलं की कार्डात जागा उरलेली नाही. मी बटण परत एकदा दाबून पाहिलं. ते लागलं नाही.

मग मी आत जाऊन जमिनीवरचा दिवा बंद केला आणि घोंगडी काढली.